रात्री पाऊण वाजता: एका अपघाताच्या वेळेचं इंग्रजी करताना

पार्श्वभूमी

पुण्यात माझं अनुवादाचं छोटं काम आहे. विमा, कोर्ट, मालमत्ता अशी कागदपत्रं मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करायची. मी आणि एक तरुण सहकारी, एवढाच पसारा. हे प्रकरण तिच्या हातून झालेल्या आणि माझ्या नजरेतून सुटलेल्या एका चुकीचं आहे. माणसांची आणि कंपन्यांची नावं गाळली आहेत, तारखा बदलल्या आहेत. वेळा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावरच उभं आहे.

संगमनेर भागातून एक टेम्पो टोमॅटो भरून पुण्याच्या मार्केट यार्डाकडे निघाला. गाडीत ड्रायव्हर आणि साठीतला एक क्लीनर. पुणे-नाशिक महामार्गावर, नारायणगाव ओलांडल्यावर, टेम्पो रस्त्याकडेला बंद पडलेल्या ट्रेलरवर आदळला. ड्रायव्हरचा पाय मोडला, क्लीनर खरचटण्यावर बचावला, टेम्पोचा पुढचा भाग चेपला.

टेम्पोची जुनी विमा पॉलिसी 13 तारखेच्या मध्यरात्री संपत होती. मालकाने दोन दिवस आधीच दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेऊन ठेवली होती, ती 14 तारखेला 00:00 पासून लागू होत होती. विमा खंडित नव्हता. फक्त मध्यरात्रीच्या अलीकडच्या अपघाताचे पैसे एका कंपनीने द्यायचे होते आणि पलीकडच्याचे दुसऱ्या कंपनीने.

निवेदन आणि त्याचा अनुवाद

जुन्या कंपनीचं मुख्य कार्यालय महाराष्ट्राबाहेर आहे, म्हणून त्यांनी क्लीनरच्या निवेदनाचा इंग्रजी अनुवाद मागितला. निवेदन दोन पानी, हाताने लिहिलेलं. क्लीनर बोलत गेला आणि मालकाचा पुतण्या उतरवत गेला, त्यामुळे शब्द त्याचेच होते. त्यातला कामाचा भाग असा:

"सोमवारी रात्री साडेदहाला गाडी काढली. साडेअकराला आळेफाट्याजवळ जेवायला थांबलो. पाऊण तास गेला तिथं. पुढं निघालो आन् पाऊणच्या सुमाराला गाडी ठोकली. सव्वाला अँब्युलन्स आली. दीड-पावणेदोनला दवाखान्यात पोचलो. पहाटं साडेचारला पोलिसात फिर्याद दिली."

सात वाक्यांत वेळेचे आठ शब्द, आणि त्यांतला एकही 'अमुक वाजून तमुक मिनिटं' असा नाही. ऐकणाऱ्या मराठी माणसाला यात काहीही अवघड वाटत नाही. सहकाऱ्यालाही वाटलं नाही. ती इंग्रजी माध्यमात शिकलेली असली तरी घरी मराठीच बोलते, वाचते. साडेदहा म्हणजे 10:30, साडेअकरा म्हणजे 11:30, पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं, हे तिने सहज लिहिलं. 'पाऊणच्या सुमाराला' हे तिने रात्री 11:45 केलं आणि 'सव्वाला' हे 12:15.

मी अनुवाद तपासला, भाषा नीटनेटकी होती, दोन स्वल्पविराम हलवले आणि सही-शिक्का मारला.

मालकाच्या विमा एजंटाने इंग्रजी प्रत पाहिली. अपघात 13 तारखेला रात्री 11:45 ला, म्हणजे जुनी पॉलिसी चालू असताना. मालकही सगळ्यांना 'सोमवारी रात्री अपघात झाला' असंच सांगत होता आणि सोमवार 13 तारखेचाच होता. दावा जुन्या कंपनीकडे दाखल झाला.

प्रश्न कसा उघडा पडला

पाच आठवड्यांनी कंपनीच्या तपासनीसाचं पत्र मालकाच्या हातात पडलं. त्यात म्हटलं होतं की एकाच अपघाताबद्दल एकमेकींशी न जुळणाऱ्या तीन वेळा समोर आल्या आहेत, तरी खुलासा करावा.

पहिली वेळ आमच्या अनुवादातली: 13 तारीख, रात्री 11:45. दुसरी फिर्यादीतली. पोलिसांनी लिहिलं होतं, 'दि. 13 रोजी रात्री 12.45 वा. चे सुमारास'. तपासनिसाने हे शब्दशः घेतलं. 13 तारखेची रात्रीची 12:45 म्हणजे 13 तारीख सुरू होऊन पाऊण तास झालेली वेळ. पण फिर्याद नोंदली गेली 14 तारखेला पहाटे 4:30 ला. या हिशोबाने जखमी ड्रायव्हरला घेऊन ही मंडळी पावणेअठ्ठावीस तास रस्त्यावर बसून होती. तिसरी वेळ फास्टॅगची. मालकाच्या मोबाइलवर आलेल्या मेसेजमध्ये टेम्पोने टोलनाका ओलांडल्याची वेळ छापली होती: 14 तारीख, `00:22`. 11:45 ला चेपलेला टेम्पो 12:22 ला टोल भरून पुढे जाणार नाही, हे उघड होतं.

पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात लागलं. तपासनिसाने लिहिलं होतं की साक्षीदाराच्या स्वतःच्या निवेदनाप्रमाणे तो साडेअकराला जेवायला बसला आणि तिथे 45 मिनिटं होता, मग 11:45 ला अपघात झाला तेव्हा तो जेवतच असला पाहिजे.

त्याला मराठी येत नव्हतं. त्याने फक्त बेरीज केली होती. ती आम्ही दोघींनीही केली नव्हती.

चूक नेमकी कुठे होती

सहकाऱ्याला विचारलं तेव्हा तिने दिलेलं कारण खुळं नव्हतं. "ताई, पावणे म्हणजे क्वार्टर टू. पाऊण हा तोच शब्द ना? आधी साडेअकरा येऊन गेलेत, मग त्याच्यापुढचं पावणेबाराच होणार. आणि नंतर नुसतं सव्वा म्हटलंय, म्हणजे सव्वाबारा."

शब्द एकाच मुळाचे, हे बरोबर. पाव कमी तो पाऊण. संस्कृत पादोन, पाद ऊन, तिथून पाऊण आणि पावणे दोन्ही आले. पण वापरात ते वेगळे आहेत. पावणे एकटं उभं राहत नाही. त्याच्या पुढे आकडा लागतो आणि त्या आकड्यातून पाव वजा करायचा असतो. पावणेदहा म्हणजे दहात पाव कमी, 9:45. इथे आकडा पुढच्या तासाचा असतो, म्हणून इंग्रजी करताना तास एकाने मागे घ्यावा लागतो. सव्वा आणि साडे यांत तसं नाही. सव्वादहा 10:15, साडेदहा 10:30, तास जो ऐकला तोच लिहायचा. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे पावणेदहाला 10:45 लिहिणं. ती चूक सहकाऱ्याने केली नव्हती.

तिची चूक एकच्या आसपासची होती. मराठीत एकच्या जवळ घड्याळाची भाषा बदलते. दोन ते बारा या आकड्यांना सव्वा, साडे, पावणे सरळ लागतात, अपवाद फक्त अडीचचा, कारण साडेदोन कुणी म्हणत नाही. एकच्या बाबतीत मात्र आपण आकडाच गाळतो. पावणेएक म्हणणारे आहेत, पण निम्मी माणसं 'पाऊण वाजला' म्हणतात. सव्वाएकच्या जागी नुसतं 'सव्वा वाजला' चालतं. साडेएक तर नाहीच, तिथे दीड. म्हणजे पाऊण, सव्वा आणि दीड हे शब्द वेळेसाठी एकटे आले की ते घड्याळातली वेळ नेमकी सांगतात: 12:45, 1:15 आणि 1:30. त्यांना मागच्यापुढच्या वाक्यातून तास उसना घ्यावा लागत नाही. पाऊण म्हणजे एकाला पाव कमी, सव्वा म्हणजे एक आणि पाव, दीड म्हणजे एक आणि अर्धा. आकडा शब्दाच्या पोटातच आहे.

मला यात एक गंमत वाटते. पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश. बारा वाजल्यावर तीन चतुर्थांश तास झाला की पाऊण वाजतो, म्हणजे बोलणारा बाराला शून्य धरून मोजतो. चोवीस तासांच्या घड्याळात रात्रीचा पाऊण `00:45` असाच दिसतो, शून्य तास आणि पाऊण. पण मग 12:15 ला 'पाव वाजला' आणि 12:30 ला 'अर्धा वाजला' म्हणायला हवं, ते कुणी म्हणत नाही. तिथे सव्वाबारा आणि साडेबाराच. बारा ते एक या एका तासात मराठी आधी बारावरून मोजते आणि शेवटच्या पावाला एकदम शून्यावरून. ज्याने हे ऐकून ऐकून आत्मसात केलेलं नाही, त्याला नियमाने ते सापडणं कठीण आहे.

आणि ही चूक इतके दिवस टिकली याचं कारण तिची सुसंगती. खालच्या तक्त्यात ते दिसतं.

| निवेदनातले शब्द | पहिला अनुवाद | बरोबर वेळ |
|---|---|---|
| साडेदहाला गाडी काढली | 13 ता., 22:30 | 13 ता., 22:30 |
| साडेअकराला जेवायला | 13 ता., 23:30 | 13 ता., 23:30 |
| पाऊण तास गेला | 45 मिनिटं | 45 मिनिटं |
| पाऊणच्या सुमाराला ठोकली | 13 ता., 23:45 | 14 ता., सुमारे 00:45 |
| सव्वाला अँब्युलन्स | 14 ता., 00:15 | 14 ता., 01:15 |
| दीड-पावणेदोनला दवाखान्यात | 14 ता., 01:45 | 14 ता., 01:30 ते 01:45 |
| साडेचारला फिर्याद | 14 ता., 04:30 | 14 ता., 04:30 |

अपघात आणि अँब्युलन्स यांत अर्धा तास हवा, तो चुकीच्या अनुवादातही अर्धा तासच आहे. दोन्ही वेळा एकेक तासाने मागे सरकल्या, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर बिघडलं नाही आणि डोळ्याला काही खटकलं नाही. खटकायला हवं होतं ते दोन ठिकाणी. जेवणाच्या पाऊण तासाची बेरीज 00:15 ला पोचते, 23:45 च्या पुढे. आणि अँब्युलन्स 00:15 ला आली तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पोचायला दीड तास कसा लागला? चूक जिथे झाली तिथे दिसत नव्हती, तिच्या दोन्ही बाजूंच्या वाक्यांत दिसत होती.

कोणते पर्याय समोर होते

पत्र हातात पडलं त्या दिवशी मालक आमच्याकडे आला. आवाज चढलेला नव्हता, पण "मॅडम, तुमच्या कागदामुळं मी खोटा ठरलो" हे त्याने दोनदा म्हटलं.

सगळ्यात सोपा मार्ग होता तो पहिल्या दहा मिनिटांतच पुढे आला. वेळ बदलून नवी प्रत काढायची, तारीख जुनी ठेवायची आणि 'टंकलेखनाची चूक' म्हणून पाठवायची. एजंटाची फोनवरून तीच सूचना होती. मी नको म्हटलं. जुनी प्रत कंपनीच्या फायलीत आहे, तिच्यावर माझा शिक्का आहे. त्याच तारखेची दुसरी प्रत आली तर तपासनिसाच्या मनात असलेला संशय पक्का होणार. शिवाय ही टंकलेखनाची चूक नव्हतीच, अर्थाची होती.

दुसरा मार्ग सहकाऱ्याने सुचवला: पुराव्यांशी जुळवून अनुवादात सरळ '14 तारीख, 00:45' लिहायचं. यावर आमचं बरंच बोलणं झालं. 00:45 लिहायला माझी हरकत नव्हती, कारण पाऊण या शब्दाचा अर्थच तो आहे. तारखेचं तसं नव्हतं. क्लीनर म्हणाला होता 'सोमवारी रात्री' आणि सोमवार 13 तारखेचा. त्याने न उच्चारलेला मंगळवार आम्ही त्याच्या तोंडी घातला तर तो अनुवाद राहत नाही, आमची साक्ष होते. टोलचा मेसेज बघून साक्षीदाराची तारीख दुरुस्त करणं अनुवादकाचं काम नाही.

तिसरा मार्ग आम्ही घेतला. मूळ शब्द ठेवायचा, त्याची घड्याळातली वेळ द्यायची, तारीख साक्षीदाराने म्हटली तशी ठेवायची आणि खाली अनुवादकाची टीप जोडायची की मराठी बोलण्यात 'सोमवारी रात्री पाऊण वाजता' याचा अर्थ सोमवार मावळल्यानंतरची रात्र, म्हणजे कॅलेंडरचा मंगळवार.

मात्र ही टीप लिहिण्याआधी एकदा क्लीनरशी बोलणं भाग होतं. फोन स्पीकरवर ठेवला, सहकारी लिहून घेत होती.

"मामा, गाडी ठोकली तेव्हा किती वाजले होते?"

"पाऊण."

"म्हणजे बारा वाजून गेले होते?"

"तर! बारा ढाब्यावरच वाजले. भाकरी खात व्हतो."

"मग तो सोमवार की मंगळवार?"

"सोमवारची रात ती. झोपल्याबिगर मंगळवार कसा व्हईल?"

शेवटच्या उत्तराने तारखेचा गुंता पुरता सुटला. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्रीला नाही, आणि बोलण्यातला वार अजूनही बराचसा त्याच चालीने चालतो. पोलीस ठाण्यातही तेच झालं होतं. फिर्याद लिहिणाऱ्याने सांगणाऱ्याचा सोमवार 13 तारखेत उतरवला आणि पाऊण 12.45 मध्ये, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. फक्त ते एका ओळीत शेजारी आले आणि चोवीस तास मागे गेले. पोलिसी कागदात एरवी वेळ '00.45 वा.' अशी चोवीस तासांची लिहितात, तशी लिहिली असती तर शून्य बघून लिहिणाऱ्यालाच तारीख आठवली असती, असं मला वाटतं.

काय केलं

आधी आमचा भाग. जुना अनुवाद मागे घेतल्याचं स्वतंत्र पत्र तयार केलं. त्यात दोन्ही चुकलेल्या वेळा, त्या का चुकल्या आणि पाऊण, सव्वा, दीड हे शब्द एकटे आले की कोणत्या वेळा सांगतात, हे अर्ध्या पानात लिहिलं. एक छापील मराठी-इंग्रजी शब्दकोशाचं पान जोडलं, पण त्याचा फारसा उपयोग नव्हता. शब्दकोश पाऊणचा अर्थ तीन चतुर्थांश देतो, 12:45 नाही. तपासनिसाला त्याने पटलं नसतं. पटलं ते बेरजेने: 23:30 अधिक 45 मिनिटं 00:15, मग टोल 00:22, मग 00:45. त्याच्याच पद्धतीने मांडल्यावर निवेदन, टोल आणि शब्दार्थ एका ओळीत आले.

नवा अनुवाद करताना मी स्वतःच एक घोळ घातला, तोही सांगायला हवा. इंग्रजी बारा तासांच्या पद्धतीत टाइप करताना 'रात्री' वाचलं आणि हाताने `12:45 PM` उमटलं. रात्र म्हणजे पीएम, ही बोटांची सवय. `12:45 PM` म्हणजे दुपारचा पाऊण. सहकाऱ्याने छापण्याआधी पकडलं आणि काही बोलली नाही, फक्त पेन्सिलीने गोल केला. त्यानंतर सगळ्या वेळा आम्ही चोवीस तासांत लिहिल्या. तिथे एएम-पीएमचा प्रश्नच येत नाही आणि बाराच्या पुढची वेळ शून्याने सुरू होते, त्यामुळे तारीख बदलली की नाही हे आपोआप तपासलं जातं.

'दीड-पावणेदोन' या जोडशब्दालाही या वेळी नीट वागवलं. पहिल्या अनुवादात तिथे सरळ 01:45 होतं. मराठी माणूस दीड-पावणेदोन म्हणतो तेव्हा तो दोन टोकं सांगतो, त्यांतलं एक निवडायचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून '01:30 ते 01:45 च्या दरम्यान' असं लिहिलं. रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये नोंद निघाली 01:40 ची. 'पाऊणच्या सुमाराला' यातला सुमारही परत आणला. 108 ला गेलेल्या कॉलची वेळ 00:52 होती. साक्षीदार 00:45 ला अपघात म्हणतो आणि फोन सात मिनिटांनी जातो, यात विसंगती नाही. सव्वा, साडे, पावणेत बोलणारा माणूस पंधरा मिनिटांच्या मापाने बोलतो. त्याच्या पाऊणला इंग्रजीत 12:45 केलं की वाचणाऱ्याला ती मिनिटाची वेळ वाटते. 'सुमारे' हा शब्द गळला तर अचूकपणा वाढत नाही, खोटा अचूकपणा येतो.

मालकाच्या बाजूने दोन गोष्टी झाल्या. क्लीनरचा पोलीस ठाण्यात पुरवणी जबाब झाला, त्यात 'दि. 13 चे रात्री, म्हणजे दि. 14 रोजी 00.45 वा. चे सुमारास' असं स्पष्ट आलं. आणि जुन्या कंपनीकडचा दावा मागे घेऊन नव्या कंपनीला अपघात कळवला गेला, जवळपास सहा आठवडे उशिरा.

पुढे काय झालं

जुन्या कंपनीने खुलासा स्वीकारून फाइल बंद केली. खोटी माहिती दिल्याचा शेरा मालकाच्या नावावर आला नाही, आणि त्याला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच होती.

नव्या कंपनीला दोन शंका होत्या. पॉलिसी सुरू होऊन पाऊण तास होतो न होतो तोच अपघात, हे कुणालाही विचित्र वाटेल. त्यावर पैसे दोन दिवस आधी भरल्याची पावती होती. दुसरी शंका उशिराची. विमा नियामकाने 2011 मध्येच कंपन्यांना कळवलं आहे की केवळ उशिरा कळवलं एवढ्या कारणावर खरा दावा नाकारू नये. पण उशिराचं कारण पटावं लागतं. इथे आमचं मागे घेतलेल्या अनुवादाचं पत्र कारण म्हणून जोडलं गेलं. आपली चूक कबूल करणारा कागद दुसऱ्याच्या दाव्यात पुरावा म्हणून लागावा, हा अनुभव मला नवा होता.

अपघातापासून साडेतीन महिन्यांनी दुरुस्तीचे पैसे मिळाले, घसारा वजा होऊन. टोमॅटो त्या पॉलिसीत नव्हतेच. मधल्या काळात टेम्पो गॅरेजच्या आवारात उभा होता, त्या जागेचं भाडं आणि बुडालेला हंगाम मालकाच्याच खिशातून गेला. आम्ही दोन्ही अनुवादांची फी घेतली नाही. नुकसानीच्या मानाने ते काहीच नाही, हे मालकाला कळत होतं आणि आम्हालाही.

आता मागे वळून

मला सगळ्यात जास्त बोचते ती तपासणीची पद्धत. मी इंग्रजी वाक्यं वाचली, मराठी वाक्यं वाचली, दोन्ही शेजारी ठेवून बघितली. घटनाक्रम मात्र मांडला नाही. वेळा असलेला कोणताही जबाब अनुवादाला आला की आता आधी एका कोऱ्या कागदावर उभी रेघ मारते. सगळ्या वेळा चोवीस तासांत डावीकडे, कालावधी उजवीकडे. 'पाऊण तास', 'सव्वा तास', 'घटकाभर' हे उजवीकडचे शब्द बेरजेत बसले पाहिजेत. पाच मिनिटांचं काम आहे. या प्रकरणात तिसऱ्याच ओळीला ते अडलं असतं.

साक्षीदार हाताशी असेल तर त्याला 'किती वाजले होते' असं पुन्हा विचारण्यात अर्थ नसतो, तो तोच शब्द पुन्हा देतो. क्लीनरने मलाही 'पाऊण'च दिला. 'बारा वाजून गेले होते का' या प्रश्नाने उत्तर मिळालं. पुतण्याने निवेदन लिहून घेताना एवढं विचारलं असतं तर आम्ही चुकलो असतो तरी एजंट चुकला नसता. त्याला दोष देत नाही, त्याच्या कानाला पाऊण स्पष्टच होतं.

तारखेच्या टिपेबद्दल मात्र माझं मन अजून पूर्ण ठाम नाही. एका ज्येष्ठ अनुवादकाचं म्हणणं पडलं की टीप देणं हेही साक्षीदाराच्या बोलण्यात लुडबुड करणंच आहे. शब्द द्यावा आणि अर्थ लावणं वकिलावर सोडावं. कोर्टात जाणाऱ्या कागदाला ते कदाचित योग्य असेल. पण ज्या वाचकाला मराठी येत नाही आणि ज्याच्यासमोर वकील नाही, त्याला 'सोमवार, 12:45, रात्र' एवढंच दिलं तर तो नक्की चुकीच्या रात्रीत जाणार. फिर्यादीच्या बाबतीत तसंच घडलं होतं. तेव्हा विम्याच्या कागदांना मी टीप देते, कोर्टाच्या कागदांना आधी वकिलाला विचारते.

सहकाऱ्याने स्वतःसाठी टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर नियम वगैरे काही नाही, एका ओळीत चार शब्द आणि चार वेळा आहेत: पाऊण 12:45, सव्वा 1:15, दीड 1:30, अडीच 2:30. परवा एका सोसायटीच्या इतिवृत्तात 'सभा सव्वा चालली' असं वाक्य आलं. तिने चिठ्ठीकडे बघितलं, मग सभा सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ शोधली. सहाला सुरू, सव्वासातला संपली. लिहिणाऱ्याने 'तास' गाळला होता, आणि तो सव्वा घड्याळातला नव्हताच.